भीड भिकेची बहीण : नातेवाइकांना ‘नाही’ कसं म्हणावं?

वाचकहो, हिंदीत ‘भीड’ म्हणजे गर्दी. आपल्या मराठीत मात्र भीड म्हणजे समोरच्याचं मन मोडायचा संकोच. ज्याला हा संकोच जरा जास्तच वाटतो, तो भिडस्त. शाळेत ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपण सगळ्यांनी पाठ केली, वाक्यात उपयोग करून दाखवला, गुण मिळवले आणि विसरून गेलो. आजच्या पाठात तीच म्हण मोठ्या माणसांसाठी पुन्हा उघडायची आहे.

कार्यालयात वरिष्ठांशी नीट बोलणारी, बाजारात भाव करणारी, मुलांच्या शाळेत जाऊन ठामपणे प्रश्न विचारणारी माणसं एका फोनपुढे हतबल होतात. तो फोन असतो नात्यातल्या माणसाचा. तोंडातून ‘हो’ निघून जातो आणि मग आठवडाभर मनात धुसफूस चालते. काम तर झालेलं असतं, पण करणारा थकलेला, चिडलेला, आणि वर स्वतःलाच दोष देणारा. हे कसं घडतं, आणि नेमकं कुठे थांबवता येतं, एवढंच आज पाहू.

उदाहरण : पेणचा गणपती

पुढचं उदाहरण मी पाठासाठी रचलेलं आहे. पण पेण किंवा रोह्यात राहणाऱ्यांना ते शेजारच्या घरातलं वाटलं, तर नवल नाही.

पेणला राहणाऱ्या एक ताई. वय बेचाळीस. एका खासगी कार्यालयात हिशेब लिहितात. यजमान रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत पाळीवर जातात. माहेर रोह्याचं, म्हणजे गाडीने तासाभराचं अंतर. मुलगी दहावीत.

आता पेण म्हटलं की गणपती. पेण शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात. इथल्या मूर्ती मुंबईला जातात, परदेशीही जातात. त्यामुळे पेणला राहणाऱ्या माणसाकडे प्रत्येक नातेवाइकाची एक हक्काची मागणी असते. श्रावण अर्धा सरल्यावर डोंबिवलीहून आतेभावाचा फोन आला, “अगं, पेणलाच आहेस ना तू! आमच्यासाठी दीड फुटांची शाडूची मूर्ती बघून ठेव. तुझ्या तर घराजवळच आहे सगळं.”

ताई म्हणाल्या, “हो हो दादा, बघते की. त्यात काय एवढं!”

या एका वाक्याची किंमत आपण कागदावर मांडू. ताई स्वतः हिशेब लिहितात, पण असला हिशेब त्यांनी कधी मांडलेला नव्हता.

शाडूची मूर्ती पावसाळ्यात सावकाश सुकते, म्हणून कारखानदार तिच्या मागण्या लवकर घेतो. श्रावणाच्या शेवटी पहिल्या कारखान्यात नकार मिळाला, दुसऱ्यात मिळाला, तिसऱ्यात एक मूर्ती शिल्लक होती. यात शनिवारचे 2 तास गेले. मूर्तीची किंमत 4,500 रुपये. त्यांतले 2,000 रुपये आगाऊ म्हणून ताईंनी पर्समधून दिले. मग फोटो पाठवणं, वहिनींना पीतांबराचा रंग न आवडणं, पुन्हा फोटो, पुन्हा फोन, यात 1 तास. रंग बदलून घ्यायला दुसरी फेरी, दीड तास. उरलेले 2,500 भरून मूर्ती ताब्यात घेतली. शाडूची मूर्ती जड आणि नाजूक, स्कूटरवर आणता येत नाही. म्हणून रिक्षा केली आणि मूर्ती मांडीवर धरून घरी आणली, दीड तास. चार दिवस ती घरातल्या एकुलत्या एका मोकळ्या टेबलावर, म्हणजे मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर, राहिली. पाचव्या दिवशी दादा-वहिनी महामार्गावरच्या गर्दीतून रात्री दहाला पोहोचले. जेवण, गप्पा, निरोप, 3 तास.

एकूण 9 तास झाले. जाताना दादाने विचारलं, “किती द्यायचे गं?” ताई म्हणाल्या, “परवा मी अडीच हजार भरले.” दादाने तेवढे लगेच मोबाइलवरून पाठवले. आधीच्या 2,000 रुपयांबद्दल ताईंचं तोंड उघडलं नाही. पैशांचं बोलून दाखवणं बरं दिसत नाही, नाही का?

दुसऱ्या दिवशी ताईंचं डोकं दुखत होतं. स्वतःच्या घरच्या गणपतीची तयारी अर्धी पडलेली. मुलगी म्हणाली, “आई, माझं टेबल आता तरी मिळेल का?” आणि ताई तिच्यावर ओरडल्या. दादाचा फोन मात्र पुढे महिनाभर त्यांनी उचलला नाही. ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. त्या घोड्याला चारा घालताना घरातल्या कुणाच्या ताटातलं कमी होतं, हे या उदाहरणात दिसतं. ‘हो’ ताईंनी दिला दादाला, त्याची किंमत मोजली मुलीने.

‘हो’ इतक्या लवकर का निघतो?

फोनवर मागणी आली की त्या क्षणी भिडस्त माणसाच्या पोटात एक गोळा येतो. ‘नाही म्हटलं तर दादाला काय वाटेल, आत्या काय म्हणेल, माहेरच्यांत काय चर्चा होईल’ अशी ती भीती असते. ‘हो’ म्हटलं की हा गोळा लगेच विरघळतो. दादा खूश, आवाज गोड, पोट शांत. म्हणजे ‘हो’चं बक्षीस दोन सेकंदांत मिळतं आणि त्याचं बिल दोन आठवड्यांनी येतं.

डी.एड., बी.एड. केलेल्यांना ‘ऋण प्रबलन’ ही संज्ञा आठवत असेल. एखादी कृती केल्याने त्रासदायक गोष्ट टळली, की ती कृती पुन्हा पुन्हा होऊ लागते. इथे टळणारा त्रास म्हणजे ती भीती, आणि ती टाळणारी कृती म्हणजे घाईचा ‘हो’. दरवेळी सुटका होते म्हणून सवय दरवेळी पक्की होते. शिवाय ‘नाही’ म्हटल्यावर खरंच काय घडतं, हे त्या माणसाला कधी पाहायलाच मिळत नाही. त्यामुळे भीती खरी की खोटी, ते वीस वर्षांतही तपासलं जात नाही.

या भीतीच्या मुळाशी एक समजूत असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, ती मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती म्हणून ओळखली जाते. माणसाला दुःखी करणाऱ्या अविवेकी समजुतींची एलिस यांनी एक यादी केली होती. त्या यादीत ठळकपणे येणारी समजूत अशी, की आपल्या जवळच्या प्रत्येक माणसाची पसंती आपल्याला मिळालीच पाहिजे. यातला ‘च’ महत्त्वाचा आहे. ‘दादाने मला चांगलं म्हणावं’ ही इच्छा झाली. ती पुरी झाली नाही तर थोडं वाईट वाटतं आणि दिवस पुढे जातो. ‘दादाने मला चांगलं म्हटलंच पाहिजे’ ही मागणी झाली. मग त्याच्या कपाळावरची एक आठीसुद्धा संकट वाटू लागते. इच्छा ठेवायची आणि तिच्या शेपटीचा ‘च’ काढून टाकायचा, असं त्या पद्धतीचं सांगणं आहे.

मग राग कुठून येतो?

ताईंनी स्वतः होकार दिला, तर मग चिडायचं कारण काय? कारण भिडस्त माणूस मनातल्या मनात एक वही लिहीत असतो. मी तुझ्यासाठी तीन कारखाने फिरले, आता तू न सांगता ओळखायला हवंस, आभार मानायला हवेस, दोन हजारांचं स्वतःहून विचारायला हवंस. या वहीतल्या अटी दादाला कुणी सांगितलेल्याच नसतात. त्यामुळे तो त्या पाळत नाही, आणि ताईंच्या वहीत त्याच्या नावावर थकबाकी वाढत जाते.

इथे एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी 2008 मध्ये मदत मागण्यावरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात विद्यार्थ्यांनी अनोळखी माणसांना गाठून एक प्रश्नावली भरून मागायची होती. पाच जणांनी भरून द्यायला किती जणांना विचारावं लागेल, असं आधी विचारलं, तेव्हा सरासरी अंदाज आला साधारण वीस. प्रत्यक्षात साधारण दहांनाच विचारावं लागलं. मागणाऱ्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त माणसं ‘हो’ म्हणतात. याचं कारण संशोधकांनी असं दिलं, की तोंडावर ‘नाही’ म्हणणं समोरच्याला किती अवघड जातं, हे मागणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

अनोळखी माणसांची ही गत, तर आतेभावाचं काय सांगावं! दादाने सहज विचारून पाहिलं होतं. जमत नसेल तर सांगेलच की, असं तो गृहीत धरून होता. ‘त्यात काय एवढं’ हे ताईंचेच शब्द त्याने खरे मानले. ताईंच्या मते दादाने गैरफायदा घेतला, आणि दादाच्या मते ताईंनी आनंदाने मदत केली. दोघंही प्रामाणिक आहेत. मधे फक्त एक न बोललेलं वाक्य आहे.

नकाराच्या चार पायऱ्या

पहिली पायरी : मागणी आणि उत्तर यांच्यात रात्र घालवा. सगळी गडबड पहिल्या दोन सेकंदांत होते, म्हणून उपायही तिथेच हवा. फोनवर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. एकच ठरलेलं वाक्य म्हणायचं, “दादा, आत्ता लगेच सांगत नाही. उद्या संध्याकाळी फोन करते.” ‘बघते’ हा शब्द टाळा. आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे होकारच धरतात. आणि उद्या संध्याकाळी आपणहून फोन कराच, नाहीतर ते टाळणं ठरतं आणि दबाव वाढतो.

दुसरी पायरी : स्वतःला तीन प्रश्न विचारा. या कामाला किती वेळ आणि किती पैसे लागतील, आणि ते कोणत्या दिवशी लागतील? हे माझ्यावाचून होणारच नाही का? महिन्याभराने मी हे कुणाला बोलून दाखवीन का? तिसरा प्रश्न सगळ्यांत उपयोगाचा. जे पुढे बोलून दाखवावंसं वाटणार आहे, ते आज करू नये. आणि करून कधी उच्चारावंसंही वाटणार नाही, ते खुशाल करावं. तिथे आपली भीड नसते, माया असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून हा प्रश्न लागतो.

तिसरी पायरी : नकार छोटा ठेवा, आणि कारणांची रास घालू नका. प्रत्येक कारण म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेलं दाराचं कडं असतं. “मला शनिवारी वेळ नाही” म्हटलं की उत्तर येतं, “मग रविवारी जा.” “यांची रात्रपाळी आहे” म्हटलं की, “अगं, तू एकटी जाऊन ये.” कारण सोडवता येतं, निर्णय सोडवता येत नाही. खोटं कारण तर अजिबात नको. पेण-रोह्यासारख्या ठिकाणी कुणाचा तरी मेहुणा त्याच आळीत राहतो. ‘कारखाना बंद होता’ हे दोन दिवसांत उघडं पडतं, आणि नकारापेक्षा खोटेपणाच जास्त लागतो.

चौथी पायरी : दुसऱ्या आणि तिसऱ्या आग्रहाला तेच वाक्य. बहुतेकांचा पहिला नकार चांगला जातो आणि तिसऱ्या आग्रहाला पाय घसरतो. यात एक गोम आहे. जे दार नेहमी तिसऱ्या टकटकीला उघडतं, त्यावर माणसं तीनदा टकटक करायला शिकतात. म्हणून दोनदा नकार देऊन तिसऱ्यांदा होकार देणं हे पहिल्यांदाच होकार देण्याहून वाईट. पुढच्या वेळी आग्रह तिसऱ्या वेळेपर्यंत नक्की येणार, हे आपणच शिकवलेलं असतं. सवय मोडताना सुरुवातीला जोर वाढतो, हेही माहीत असू द्या. वीस वर्षं उघडणारं दार एक दिवस उघडलं नाही, तर माणूस आधी जोरात ठोकून पाहणारच. त्या जोराचा अर्थ ‘आपलं चुकतंय’ असा घेऊ नका.

तेच उदाहरण पुन्हा

आता ताईंना वर्षभर पुढे नेऊ. श्रावणात फोन आला, ताईंनी एक रात्र मागून घेतली, कागदावर 9 तास मांडले. दादाच्या सहवासाचा कंटाळा नाही, कारखान्यांच्या फेऱ्या आणि मूर्ती सांभाळणं नको आहे, हे त्यांना कागदावर पाहून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन लावला.

“दादा, मूर्ती बघणं, ठरवणं, घरी आणून ठेवणं हे या वर्षी मला जमणार नाही. गेल्या वर्षीच्या कारखानदाराचा नंबर पाठवते. तू थेट त्याच्याशी बोल, फोटो तोच पाठवील. न्यायला याल तेव्हा दुपारचं आमच्याकडे जेवूनच जा.”

“अगं, दहा मिनिटांचं तर काम!”

“तुला तसं वाटत असेल दादा. मला नाही जमणार.”

“आईला वाईट वाटेल हं. तिला वाटतं, तू निवडलीस की मूर्ती छान येते.”

“आत्याशी मी आज बोलते. खूप दिवसांत बोलणं झालं नाही. मूर्तीचं मात्र तूच बघ.”

“बदललीस गं तू.”

“असेल दादा. वहिनीचा गुडघा कसा आहे आता?”

शेवटच्या टोमण्याला ताईंनी उत्तर दिलं नाही, वादही घातला नाही. ‘मी कुठे बदलले’ असं म्हणून सिद्ध करायला गेल्या असत्या, तर सिद्ध करायला मूर्तीच आणावी लागली असती. नंबर दिला आणि जेवायला बोलावलं, कारण ते त्यांना मनापासून द्यायचं होतं. नकारासोबत असं काही देता आलं तर जरूर द्यावं. देता येत नसेल तर नुसता नकारही पुरतो.

फोन ठेवल्यावर ताईंच्या पोटात कालवलं. हा भाग पुस्तकांत सहसा लिहीत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. नकारानंतरचा अपराधीपणा येणारच. तो आला म्हणजे अपराध झाला असं नाही. नवं बूट चावतं तसं ते असतं. या वेळी एकच गोष्ट करायची नाही, ती म्हणजे रात्री पुन्हा फोन लावून “बरं, बघते मी” म्हणणं. तो फोन केला की जुनी गाठ दुप्पट घट्ट बसते. तो न केल्यास, कालवाकालव आपोआप ओसरते हे शरीर पहिल्यांदा शिकतं. दोन-चार नकारांनंतर ती लवकर ओसरू लागते. आपलं बरं चाललंय की नाही, याची खूण हीच.

‘नुसती सही आहे, ताई’

मूर्तीच्या भिडेत 9 तास आणि 2,000 रुपये गेले. पण म्हणीत ‘भीक’ हा शब्द उगाच आलेला नाही. समजा, रोह्याहून धाकटा भाऊ आला. दुकान वाढवायला पतसंस्थेतून 3 लाखांचं कर्ज काढतोय. “ताई, तू नोकरदार आहेस, जामीनदार म्हणून सही कर. नुसती सही आहे, पैसे मीच फेडणार.”

इथे भावाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्नच नाही, सहीचा अर्थ काय होतो हा प्रश्न आहे. भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी भावाकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं म्हणण्याचा हक्क जामीनदाराला सहसा नसतो. हप्ते थकले तर संस्था थेट ताईंच्या दारात येऊ शकते. सहकारी पतसंस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळवण्याची सोयही आहे. म्हणजे ‘नुसती सही’ हे ताईंनी स्वतः 3 लाखांचं कर्ज घेण्यासारखंच आहे. फरक एवढाच, की पैसे भावाच्या हातात असतील.

अशा मागणीला रात्रसुद्धा अपुरी. किमान आठवडा घ्या, कागदपत्रं वाचायला मागा, नवरा-बायकोने मिळून ठरवा. आणि नकार द्यायचा झाला तर तो नियम म्हणून द्या, “अरे, मी कुणाच्याही कर्जाला जामीन राहत नाही. तुझ्या नाही आणि यांच्या भावाच्याही नाही.” नियमामुळे तुलना संपते आणि भावाचा अपमान होत नाही. मात्र हा नियम उद्या दिरासाठी मोडला, तर रोह्याला तो अपमान दुप्पट पोहोचतो. मदत करायचीच असेल, तर परत आली नाही तरी झोप उडणार नाही इतकी रक्कम उघडपणे हातात द्या. 3 लाखांच्या सहीपेक्षा विसरता येणारे 20,000 रुपये नात्याला कमी जड पडतात.

हा पाठ कुठे लागू पडत नाही

मृत्यू, आजारपण, बाळंतपण, पूर अशा वेळी धावून जाणं ही भीड नाही. तिथे 9 तासांचा हिशेब मांडू नये. आपल्याकडे एकमेकांच्या अशाच धावण्यावर घरं उभी राहिली आहेत, आणि एरवी नको तिथे शक्ती न दवडणाऱ्याच्याच अंगात तेव्हा धावायला बळ उरतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ज्या घरात नकाराला मारहाण, घराबाहेर काढणं किंवा पैसे बंद करणं हे उत्तर मिळतं, तिथे ही चार वाक्यं पुरत नाहीत. आर्थिकदृष्ट्या पूर्ण अवलंबून असलेल्या सुनेला ‘ठाम बोल’ असा सल्ला देणं धोक्याचंही ठरू शकतं. तिथे आधी सुरक्षितता, आधाराचं माणूस आणि कायदेशीर मदत पाहावी. महिलांसाठी 181 हा मदतीचा क्रमांक आहे. आणि नकार न देता येण्यासोबत झोप उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो भिडस्तपणा समजून अंगावर काढू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

स्वाध्याय

1. गेल्या तीन महिन्यांत नातेवाइकांसाठी केलेलं एक काम आठवा, जे केल्यावर तुम्ही चिडला होता. त्याचे तास आणि रुपये ताईंच्या हिशेबासारखे कागदावर मांडा. शेवटी एक ओळ लिहा : तो राग प्रत्यक्षात कुणावर निघाला?

2. त्या मागणीला आज उत्तर द्यायचं असतं, तर कोणतं वाक्य म्हटलं असतं? ते पंधरा शब्दांत लिहा. त्यात ‘कारण’ आणि ‘बघते’ हे दोन्ही शब्द नकोत. मग ते तीनदा मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य फोनवर आठवत नाही.

3. सुरुवात सगळ्यांत अवघड माणसापासून करू नका. आधी जिथे फारसं बिघडणार नाही अशी एक छोटी मागणी निवडा. नकारानंतर समोरचा माणूस पुन्हा किती दिवसांनी फोन करतो, ते तारखेसह टिपून ठेवा. आपल्याला वाटलं होतं तितके दिवस लागले का, ते पडताळून पाहा.